बिडी सोडल्याचा चातुर्मास

खानझोड्यांच्या घरात चातुर्मास लागला की प्रत्येकाला काहीतरी सोडावं लागतं. मी ग्वाल्हेरची. आमच्याकडेही चातुर्मास पाळतात, पण कांदा, लसूण आणि वांगं सोडलं की झालं, देव खूश आणि आपणही मोकळे. सासूबाईंना हे मुळीच पटायचं नाही. ज्याला वांगं आवडत नाही त्याने वांगं सोडून देवावर कसले उपकार केले, असं त्या तोंडावर विचारायच्या. जे सोडताना जीव कासावीस होतो तेच सोडायचं. माझे सासरे नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले आणि जन्मभर टी. टी. नगरच्या सरकारी घरात राहिले. ते दर चातुर्मासात चहा सोडायचे आणि कार्तिकीपर्यंत घरातली सगळी माणसं त्यांच्यापासून चार हात लांब राहायची.

दुसरा नियम त्याहून कडक होता. नेम बोलून दाखवायचा नाही. देवाला ठाऊक आणि घराला ठाऊक, बस्स. बाहेरच्या माणसाला सांगितला की पुण्य वाटलं जातं, असं सासूबाईंचं म्हणणं. त्यामुळे खानझोडे दुसऱ्यांच्या घरी जाऊन 'पोट बरं नाही', 'डॉक्टरांनी मना केलंय' अशा थापा मारत बसायचे, पण 'नेम आहे' म्हणायचे नाहीत. खोटं बोललेलं देवाला चालतं आणि खरं सांगितलेलं चालत नाही, हे गणित मला लग्नानंतर इतक्या वर्षांत सुटलेलं नाही. मी हे एकदा आमच्या यांना बोलून दाखवलं, तेव्हा दोन दिवस घरात तोंडं फुगलेली होती.

हे म्हणजे मधुकर खानझोडे, कारखान्यात फोरमन. टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघं राहायचो, हे, मी आणि माझे धाकटे दीर दत्तात्रय. सासूबाई होत्या तोवर चौघं. आमची मुलगी अलका लग्न होऊन उज्जैनला गेली होती.

दत्तूभाऊजी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आजारी पडले. कानात माणसं बोलायला लागली. पंख्यातून, नळातून, शेजारच्यांच्या रेडिओतून बोलायची आणि सगळी मिळून त्यांना शिव्या द्यायची. मग ते उलट ओरडायचे. आमच्या लग्नाच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी अंगणातल्या पणत्या एकेक करून विझवल्या, कारण त्यातली एक त्यांचं नाव घेत होती. नाना औषधं झाली, विजेचे झटके झाले, इस्पितळात भरती करून झालं. सासूबाईंनी जे काही सोडता येतं ते सगळं सोडून झालं. शेवटी डॉ. सरवटेंनी क्लोझापिन नावाची गोळी सुरू केली. जिथे बाकीची औषधं हात टेकतात तिथे ही चालते, असं त्या म्हणाल्या. पण ती गोळी तशी साधी नाही. पहिले काही महिने दर आठवड्याला रक्त तपासायचं, मग दर महिन्याला, कारण कधी कधी ती रक्तातल्या पांढऱ्या पेशीच खाऊन टाकते. दत्तूभाऊजींच्या दंडाची सुयांनी चाळणी झाली. पण वर्षभरात आवाज आधी पुसट झाले आणि मग थांबले.

तेव्हापासून आमचं घर घरासारखं झालं. दत्तूभाऊजी टाउनशिपच्या मराठी मंडळाचं वाचनालय सांभाळायला लागले. पेपर काठीला लावायचे, मासिकं नीट रचायची, गणपतीत आरतीच्या वेळी झांजा वाजवायच्या. नोकरी म्हणावं असं काही नव्हतं, पण लोक त्यांना 'दत्तू, आजचा पेपर कुठंय' असं विचारायचे आणि ते सांगायचे. ज्याला पंखा शिव्या देत होता त्या माणसाला लोक पेपर विचारतात, ही गोष्ट काही लहान नाही. मग एका फाल्गुनात सासूबाई गेल्या. जाताना त्यांनी यांचा हात धरून एवढंच मागितलं की दत्तूला पुन्हा इस्पितळात टाकू नकोस, घरात ठेव. यांनी हो म्हटलं. आमच्या घरात तेव्हापासून तीच एक काळजी होती, बाकीच्या काळज्या तिच्यापुढे फुटकळ.

आणि बिडी. दत्तूभाऊजी दिवसाला दोन बंडलं फुंकायचे. या आजारात माणसं बिडी-सिगरेट फार ओढतात, असं डॉक्टर म्हणायच्या. वाचनालयाच्या मागे पिंपळाखाली त्यांची जागा होती आणि त्या जागेला इतका वास यायचा की मंडळाच्या बायका हळदी-कुंकवाला पलीकडच्या दाराने यायच्या. बोटं पिवळी, मिशा पिवळ्या, सदऱ्यांना भोकं. सासूबाई बोलून बोलून थकल्या. हे तर रोजच्या रोज तोंड सोडायचे. "दत्त्या, फुप्फुसं आहेत की चूल?" असं म्हणायचे. दत्तूभाऊजी हसायचे आणि उठून पिंपळाखाली जायचे.

आषाढी एकादशीला मी साबुदाण्याची खिचडी वाढत होते. सासूबाईंवाचूनचा पहिला चातुर्मास. हे दर वर्षी सुपारी सोडतात, ते त्यांनी सांगितलं. मी गोड सोडलं. दत्तूभाऊजींना कोणी विचारत नसे, आजारी माणसाला कसला नेम. पण ते ताटातून मान वर न करता म्हणाले, "मी बिडी सोडली."

यांचा घास हातातच राहिला. "काय?"

"आईनं भात सोडला होता ना माझ्यासाठी. किती वर्षं. मी बिडी सोडतो तिच्यासाठी." मग म्हणाले, "दादा, कोणाला सांगू नको. नेम आहे."

हे उठून हात धुवायच्या बहाण्याने मोरीत गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. त्या दुपारी दत्तूभाऊजींनी उरलेलं बंडल आणि काडेपेटी पिंपळाखालून उचलून आणली आणि सासूबाईंच्या फोटोमागे ठेवली.

पहिले तीन-चार दिवस त्यांचे फार वाईट गेले. अंगणात येरझाऱ्या, चिडचिड, बडीशेपेच्या मुठी. पण त्यांनी नेम मोडला नाही. आणि आठवडा संपता संपता ते असे शांत झाले की आम्ही थक्क झालो. जेवण झालं की झोप. सकाळी उठवावं लागायचं. उठले तरी डोळे अर्धे मिटलेले, खुर्चीत बसले की मान छातीवर. मंडळातून येऊन पुन्हा झोप.

"बघ मंदा," हे मला म्हणाले, "किती समाधान आलंय चेहऱ्यावर. आईनं बघायला हवं होतं."

मला ते समाधान काही पटत नव्हतं. उशीचा अभ्रा लाळेने रोज ओला व्हायला लागला. लाळ त्यांना या गोळीने थोडी आधीपासून यायची, पण आता पोराला बांधतात तसं लाळेरं बांधायची पाळी आली. पोट साफ होत नव्हतं, चार-चार दिवस. चालताना झोक जायचा. एकदा चहाचा कप ओठापर्यंत नेताना हात असा थरथरला की सगळा चहा सदऱ्यावर. मी यांना म्हटलं, "अहो, हे काही बरं लक्षण नाही. सरवटे मॅडमना दाखवा."

"बिडी सुटल्यावर होतंच असं. शरीर साफ होतंय."

"झोपून झोपून कोणतं शरीर साफ होतं?"

"तू ग्वाल्हेरची, तुला नेमाचं काय कळणार."

वादात हरायला लागले की हे मला ग्वाल्हेरला पाठवतात. मीही गप्प बसणाऱ्यातली नाही, त्या दिवशी मी आमटीत मीठच घातलं नाही.

पण माझ्या बोलण्याचा एवढा परिणाम झाला की महिन्याच्या तपासणीला हे त्यांना घेऊन गेले. डॉ. सरवटे कारखान्याच्या इस्पितळात आठवड्यातून एकदा येत. मूळच्या इंदूरच्या, मराठी बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं की नवीन काही औषध चालू केलंय का, तापबिप आला होता का. हे म्हणाले, "नवीन काहीच नाही मॅडम. सगळं ठीक. फक्त झोप जरा जास्त येते." बाहेर माणसांची रांग लागलेली. रक्ताच्या पेशी चांगल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, सकाळची गोळी रात्रीकडे ढकला आणि आठ दिवसांनी पुन्हा या. हे परत आले ते प्रसन्न होऊन. बिडीचं त्यांनी सांगितलं नव्हतं. विचारलं नाही म्हणाले, आणि विचारलं असतं तरी नेम बाहेर सांगायचा नसतो. मी कपाळावर हात मारला, पण त्या वेळी मलाही बिडीचा आणि गोळीचा काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं. मला फक्त डॉक्टरपासून काही लपवणं आवडत नाही.

ते आठ दिवस काही पुरे झाले नाहीत. श्रावणातला सोमवार होता. सकाळी दत्तूभाऊजी दूध आणायला बूथवर गेले आणि तिथेच पायरीवर कोसळले. दात घट्ट मिटलेले, हातपाय झटके देताहेत, तोंडातून फेस. शेजारच्या विजयाबाई रांगेत होत्या, त्या धावत सांगायला आल्या. आम्ही पोचलो तेव्हा झटके थांबले होते. कपाळ फुटलं होतं, कपडे ओले झाले होते आणि दुधाच्या पिशव्या फुटून सगळीकडे दूध झालं होतं. हे मटकन खाली बसले आणि त्यांनी भावाचं डोकं मांडीवर घेतलं. यांना रडताना मी त्या दिवशी पाहिलं, सासूबाई गेल्या तेव्हाही पाहिलं नव्हतं.

इस्पितळात टाके घातले. फोनवरून कळताच मॅडम त्यांचा दिवस नसताना आल्या. त्यांनी बुबुळं पाहिली, रक्तदाब पाहिला, पोट दाबून पाहिलं, लाळेरं पाहिलं. मग त्यांची नजर बोटांवर गेली. बोटांचा पिवळेपणा नखांच्या टोकाकडे सरकला होता, खालून कोरं नख आलं होतं.

"मधुकरराव, दत्तात्रय बिडी ओढतात ना अजून?"

मी एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा पलंगावरच्या दत्तूभाऊजींकडे. मग सांगून टाकलं. "आषाढीला सोडली, मॅडम. एकदम. चातुर्मासाचा नेम आहे."

मॅडमनी हातातला केसपेपर खाली ठेवला. "अहो, मला सांगायचं होतं हो. मीही विचारायला हवं होतं."

मग त्यांनी समजावलं. बिडीचा धूर शरीरात गेला की यकृतातलं एक यंत्र जोरात चालायला लागतं आणि क्लोझापिन भराभर संपवून टाकतं. म्हणून बिडी ओढणाऱ्याला त्याच परिणामासाठी जास्त गोळ्या द्याव्या लागतात. दत्तूभाऊजींचे डोस इतकी वर्षं दोन बंडलांच्या धुराच्या हिशोबाने बसवलेले होते. धूर बंद झाला, तसं आठवड्याभरात ते यंत्र मंदावलं. गोळ्या तेवढ्याच, पण रक्तातलं औषध दीडपट, दुप्पट. झोप, लाळ, झोक, बद्धकोष्ठ सगळं त्यातलंच, आणि फिट हा त्याचा शेवट.

"म्हणजे तंबाखूनं औषध उतरतं?" यांनी विचारलं.

"तंबाखूनं नाही, धुरानं. नुसती तंबाखू खाल्ली तर असं होत नाही. ओलान्झापिन म्हणून दुसरं औषध आहे, त्याचंही असंच होतं, जरा कमी प्रमाणात. बिडी सोडली हे उत्तमच झालं. फक्त सोडताना गोळ्या कमी करायला हव्या होत्या. आता मी करते. आणि ऐका, पुन्हा कधी सुरू झाली तर पहिल्या दिवशी मला सांगायचं. कारण मग उलटं होईल, औषध कमी पडेल."

यांनी मान डोलावली. मॅडमनी एक वेळची गोळी थांबवली, मग रात्रीच्या गोळ्या जवळजवळ निम्म्यावर आणल्या आणि फिटसाठी वेगळी गोळी जोडली. रक्तात औषध किती आहे हे मोजायची सोय भोपाळात नव्हती, नमुना मुंबईला पाठवला. चार-पाच दिवसांत दत्तूभाऊजी डोळे उघडून बोलायला लागले. मला पाहून पहिलं काय म्हणाले, तर "वहिनी, दूध सांडलं का हो सगळं?" मी म्हटलं, "सांडू द्या. तुमच्या दादांच्या डोळ्यांतून त्याहून जास्त सांडलं." ते हसले. त्या वेळी मला वाटलं की सुटलो.

भाद्रपद लागला आणि अलकाचं बाळंतपण आलं. मी उज्जैनला गेले ती दसऱ्यापर्यंत तिकडेच. नात झाली, तिचं बारसं झालं. फोनवर हे रोज सांगायचे, दत्तू मजेत, मॅडमकडे जाऊन आलो, मुंबईचा रिपोर्ट आला, औषध फारच जास्त होतं म्हणे, गोळ्या कमी केल्या ते योग्यच झालं. मी निर्धास्त झाले.

परत आले तर फाटकातच वास आला. दत्तूभाऊजी अंगणात उकिडवे बसून बिडी ओढत होते, एकीला दुसरी लावून. दाढी वाढलेली. घरातला पंखा बंद, भर ऑक्टोबरच्या उकाड्यात. मी पंखा लावायला गेले तर ओरडले, "लावू नका, बोलतो तो."

आठ वर्षं गप्प असलेला पंखा.

मला राग आला आणि तो मी नको तिथे काढला. "भाऊजी, आईंच्या नावानं सोडली होती ना? एवढं आजारपण काढलं, तरी राहवलं नाही?" त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं, जिथे हे होते, आणि पुन्हा बिडीकडे पाहिलं. मी यांना विचारलं, कधीपासून ओढताहेत, मॅडमना सांगितलं का. हे म्हणाले, "अगं, होईल बरं. ताण आला असेल." मी त्याच संध्याकाळी मॅडमच्या दवाखान्याचा नंबर फिरवला.

बिट्टन मार्केटजवळ त्यांचा स्वतःचा दवाखाना आहे. भाजीबाजाराचा दिवस होता, बाहेर मटार आणि मेथीच्या पाट्या, आरडाओरडा. दत्तूभाऊजी रिक्षातून उतरले ते दोन्ही कानांवर हात ठेवूनच. आत आम्ही चौघंच होतो, ते, हे, मी आणि मॅडम.

"बिडी सुरू झाली," मॅडम त्यांची बोटं बघून म्हणाल्या. "कधीपासून?"

यांनी भाऊजींच्या सदऱ्यावरची राख झटकली.

"मधुकरराव, गेल्या खेपेला मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, सुटलेलीच आहे. मी मुंबईचा रिपोर्ट बघून कमी डोस तसाच ठेवला. तो रिपोर्ट बिडी सोडल्यानंतरचा होता." त्या आवाज न चढवता बोलत होत्या. "दत्तात्रय, तुम्ही सांगा. परत कशी सुरू झाली?"

दत्तूभाऊजी मान खाली घालून बसले होते. ओठ हलत होते, पण ते आमच्याशी बोलत नव्हते. मग त्यांनी हळूच यांच्याकडे वळून, मुलं एकमेकांना गुपित सांगतात तशा आवाजात सांगितलं.

"दादा, आई आलीय. सारखी विचारतेय, नेम कोणी मोडला. तू काळजी करू नको. मी तुझं नाव नाही सांगितलं."

बाहेर कोणीतरी टमाट्याचा भाव ओरडत होतं. हे खुर्चीत बसले होते ते बसल्या जागी लहान झाल्यासारखे दिसले. मला आधी काही समजेना, आणि मग सगळं समजलं.

"बिडी मी दिली, मॅडम," हे म्हणाले.

मी उज्जैनला गेले त्याच आठवड्यात दिली होती. सासूबाईंच्या फोटोमागचं बंडल काढून, स्वतः काडी ओढून. दत्तूभाऊजी नको म्हणत होते, नेम आहे म्हणत होते. यांनी त्यांच्या तोंडात धरली. "मला त्या फिटची धास्ती बसली होती. त्याचे पांढरे डोळे दिसायचे. तुम्हीच म्हणालात की धुरानं औषध आटोक्यात राहत होतं. मला वाटलं, आठ वर्षं बिडी होती तर तो बरा होता. तीच परत दिली तर फिट येणार नाही, आहे तसंच सगळं होईल."

"पण तोवर मी गोळ्या निम्म्या केल्या होत्या," मॅडम म्हणाल्या.

"ते माझ्या डोक्यातच आलं नाही."

"आणि मला सांगितलं का नाही?"

"जन्मभर त्याला बिडीवरून बोललो मी. त्यानं आईसाठी सोडली आणि मी त्याच्या तोंडात घातली. हे कोणत्या तोंडानं सांगू?"

मला यांचा इतका राग आला होता की तिथेच काहीतरी बोलले असते. पण चेहरा बघितला आणि बोलवेना. वाईट हेतूने केलं असतं तर भांडता आलं असतं.

मॅडमनी तेव्हा रागावण्यात वेळ घालवला नाही. आता आहे तेवढी बिडी चालू ठेवा, एकदम सोडायची नाही आणि वाढवायचीही नाही, असं त्या म्हणाल्या. गोळ्या हळूहळू वर नेल्या. आवाज गेल्यावर, कधी पुढे, त्यांना विचारून, रोज थोडी थोडी कमी करत सोडायची आणि बरोबरीने गोळ्या उतरवायच्या. हे सगळं ऐकून दत्तूभाऊजींनी विचारलं, "मग आता मी ओढू की सोडू?" मॅडम म्हणाल्या, "सध्या ओढा." भावाची बिडी सुटावी म्हणून जन्मभर डोकं फोडून घेणाऱ्या माणसासमोर डॉक्टरांना हे म्हणावं लागलं.

यांनी सासूबाईंना दिलेला शब्दही त्या हिवाळ्यात मोडला. दत्तूभाऊजींना महिनाभर इस्पितळात ठेवावं लागलं. होळीच्या सुमारास पंखा गप्प झाला, मग नळ, मग रेडिओ. वाचनालयाचं काम तोवर मंडळाने दुसऱ्याला दिलं होतं. पण दत्तूभाऊजी अजून सकाळी तिथे जातात आणि पेपर काठीला लावून येतात, नवीन माणूस त्यांना लावू देतो. पुढच्या वर्षी मॅडमच्या देखरेखीखाली बिडीही सुटली, आठवड्या-आठवड्याने कमी होत, गोळ्या त्याबरोबर उतरत. या खेपेला लाळेरं लागलं नाही आणि दूधही सांडलं नाही. इतकं साधं होतं ते. आधी एका वाक्यात सांगितलं असतं तर पहिल्याच वेळी झालं असतं, आणि हा विचार आला की मला अजून भाकरी थापता थापता रडू येतं.

सगळे आवाज गेले, एक राहिला. सासूबाईंचा. मॅडम म्हणतात, तो राहीलही कदाचित, तो शिव्या देत नाही ना, मग गोळ्या वाढवायच्या नाहीत. तो रोज येत नाही. आला की दत्तूभाऊजी जेवताना थांबतात, कान देतात आणि नुसती नकारार्थी मान हलवतात.

परवा आषाढीला तसंच झालं. हे त्यांच्या शेजारीच बसले होते. यांनी ताट बाजूला केलं आणि म्हणाले, "दत्त्या, विचारतेय ना? सांग तिला. सांगून टाक माझं नाव."

"नको रे दादा," दत्तूभाऊजी म्हणाले. "ती तुला रागावेल." आणि त्यांनी आपल्या पानातली खिचडी यांच्या पानात वाढली.